मुख्याध्यापकांना पत्र: शाळेत आठवड्यातून एकदा परकीय भाषा मंडळ भरवण्याची परवानगी कशी मागावी

आठवीत असताना, जानेवारी महिन्यात, मी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना एक पत्र दिलं होतं. विषय होता, ‘शाळेत जपानी भाषेचे क्लास सुरू करणेबाबत’. दीड पान लिहिलं होतं आणि त्यातलं सव्वा पान परकीय भाषा येणं किती गरजेचं आहे यावर होतं. महिनाभर काही कळलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी बाईंनी बोलावलं आणि म्हणाल्या, “कल्पना चांगली आहे गं, पण पुढच्या वर्षी बघू.”

नववीत गेल्यावर, जून २०२३ मध्ये, मी दुसरं पत्र दिलं. ते एका पानाचं होतं. त्याच आठवड्यात परवानगी मिळाली आणि ८ जुलैच्या शनिवारी आमचं मंडळ पहिल्यांदा बसलं.

पहिल्या पत्रातून बाईंच्या वाट्याला फक्त काम आलं होतं. शिक्षक त्यांनीच शोधायचे, खोली त्यांनीच बघायची, वेळापत्रकात जागा त्यांनीच काढायची. दुसऱ्या पत्रात ही सगळी कामं आम्ही आधीच करून नेली होती आणि त्यांना फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं होतं. भाषा चांगली की वाईट हा मुख्याध्यापकांपुढचा प्रश्नच नसतो. शाळा सुटल्यावर पाऊण तास वीस-पंचवीस मुलं शाळेच्या आवारात असतील, त्या वेळात जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न असतो. खाली जे सांगते आहे ते या एका प्रश्नाभोवतीच आहे.

१. भाषा एकच निवडा आणि पहिल्या सत्राचं माप ठरवा

‘जर्मन, फ्रेंच किंवा जपानी, जी शक्य असेल ती’ असं लिहू नका. तसं लिहिलं की तुमचंच अजून ठरलेलं नाही हे दिसतं. भाषा निवडताना दोन गोष्टी बघा. पहिली, साहित्य फुकट आणि कायदेशीर मिळतं का. दुसरी, आठ-दहा बैठकांत दाखवता येईल असं काही हाती लागतं का.

आम्ही पुण्याजवळच्या मराठी शाळेतल्या मुली. जपानी निवडण्याचं माझं पहिलं कारण चाकण-रांजणगावच्या जपानी कंपन्या हे होतं. घरोघरी तेच बोललं जायचं. पण संस्कृतच्या बाईंनी हिरागाना या जपानी अक्षरमालेचा तक्ता पाहिला आणि दुसरं, जास्त पक्कं कारण हाती आलं.

जपानी अक्षरांचा क्रम असा आहे: आधी आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी. मोठ्याने वाचून बघा, आपली वर्णमालाच कानावर येते. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम जपानमध्ये रुजला. ‘प’ च्या जागी ‘हा’ ची ओळ का, असं तुम्हाला वाटेल. जुन्या जपानीत त्या ओळीचा उच्चार ‘प’ च्या जवळचा होता.

वाक्यरचनाही आपल्याला परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामाच्या मागे लागतो. ‘गाक्को नि इकिमास’ म्हणजे ‘शाळेला जाते’. ‘गाक्को’ म्हणजे शाळा, ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’, ‘इकिमास’ म्हणजे जाते. ‘सेनसेइ नो होन’ म्हणजे ‘बाईंचं पुस्तक’, आणि त्यातला ‘नो’ आपल्या चा-ची-चे चं काम करतो. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे सगळं उलटं वाटतं. मराठी मुलाला ते सरळ वाटतं. हे कारण पत्रात दोन ओळींत मावलं आणि बाईंनी भेटीत त्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं.

आता माप. हिरागानात मूळ अक्षरं ४६. पाच-पाच अक्षरांच्या आठ ओळी, ‘या’ च्या ओळीत तीन, आणि ‘वा’ च्या ओळीत शेवटचा ‘न्’ धरून तीन. म्हणजे एकूण दहा ओळी. एका शनिवारी एक ओळ घेतली तर दहा शनिवार लागतात. ४५ मिनिटांच्या दहा बैठका म्हणजे साडेसात तास. एवढ्यात हिरागाना वाचता येतं, स्वतःची ओळख करून देता येते आणि पंधरा-वीस वाक्यं तोंडात बसतात. त्यापलीकडे काही होत नाही.

म्हणून पत्रात जेएलपीटीचं, म्हणजे जपानीच्या परीक्षेचं, नाव घालू नका. तिची सगळ्यात सोपी पायरी एन-५ असली तरी तिथे कांजी ही चिनी चित्राक्षरं येतात, कातकाना ही दुसरी अक्षरमाला येते, ऐकून उत्तरं द्यावी लागतात. साडेसात तासांत त्या जवळपासही पोचता येत नाही. मुख्याध्यापकांनी ओळखीतल्या कुणाला विचारलं की लगेच कळेल, आणि मग पत्रातल्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास उरणार नाही.

दुसरी भाषा घ्यायची असेल तरी हिशोब असाच करायचा. जर्मनसाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा चित्रफितींचा अभ्यासक्रम फुकट आहे आणि तो अगदी पहिल्या पायरीपासून सुरू होतो. गोव्यात असाल तर पोर्तुगीजचा विचार जरूर करा. तिथे ती भाषा घरात बोलणारी आजी-आजोबांच्या पिढीतली माणसं अजून भेटतात, ही सोय महाराष्ट्रात सहसा नाही.

२. पत्राआधी तीन माणसांना भेटा

*एक शिक्षक.* हे जमलं नाही तर पत्र लिहूच नका. शिक्षकांना ती भाषा यायला हवी असं नाही. त्यांनी खोलीत बसायचं आहे, त्यांचा स्वतःचा तपासायचा गठ्ठा घेऊन बसले तरी चालेल. आम्ही संस्कृतच्या बाईंना विचारलं. विचारताना “आम्हाला शिकवाल का?” असं विचारलं नाही, “दहा शनिवार पाऊण तास आमच्याबरोबर बसाल का?” असं विचारलं. आकडा ऐकला की माणसाला हो म्हणणं सोपं जातं. दोन शनिवार त्यांना जमणार नव्हतं, त्या दिवसांसाठी त्यांनीच चित्रकलेच्या सरांचं नाव सुचवलं. पत्रात दोघांची नावं घातली.

*शिपाईमामा.* वर्ग कधी झाडतात, कुठली खोली कधी कुलूपबंद होते आणि किल्ली कुणाकडे असते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आमची शाळा दोन सत्रांत भरते. शनिवारी सकाळचं सत्र १०.४५ ला सुटायचं आणि दुपारच्या सत्राची मुलं साडेअकरानंतर यायला लागायची. मी ‘आमच्याच वर्गात बसू’ असं ठरवून टाकलं होतं. मामांनी सांगितलं, “तो वर्ग सव्वाअकराला झाडायला घेतो, दुपारी पाचवीची पोरं तिथंच बसतात.” चित्रकलेची खोली मात्र शनिवारी दुपारपर्यंत रिकामी असायची. हे आधी कळलं नसतं तर मंजुरी मिळूनही दुसऱ्याच शनिवारी आम्ही व्हरांड्यात आलो असतो.

*व्हॅनने येणारी मुलं.* हा खड्डा कुणाच्याच लक्षात येत नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी ३१ जणांनी नावं दिली. त्यातली ११ मुलं शाळेच्या व्हॅनने यायची आणि व्हॅन घंटा झाल्यावर दहा मिनिटांत निघायची. ‘शाळा सुटल्यावर’ असं म्हटलं की ही मुलं आपोआप गळतात. आम्ही प्रत्येकाला विचारलं. चौघांना घरून कुणीतरी न्यायला येणार होतं, सात जणांना शक्य नव्हतं. यादी २४ वर आली. पत्रात ३१ हा आकडा छान दिसला असता, पण तिसऱ्या शनिवारी खोलीत २४ बघून बाईंनी बाकीचे कुठे गेले असं विचारलं असतं.

३. शनिवार मोजा

‘दर शनिवारी’ लिहून थांबू नका. दिनदर्शिका आणि शाळेचं वार्षिक नियोजन समोर घ्या आणि एकेक तारीख तपासा. आमचं असं झालं होतं: ८ जुलै ते ३० सप्टेंबर २०२३ या काळात शनिवार १३. त्यातला २९ जुलै मोहरमच्या सुट्टीत गेला, ५ ऑगस्टला घटक चाचणी, २३ सप्टेंबरला गणपतीची सुट्टी. उरले दहा. दहा ओळी आणि दहा शनिवार असा मेळ बसला. एखादी ओळ उरली असती तर मी ‘या’ आणि ‘वा’ च्या ओळी एका दिवशी घेतल्या असत्या, कारण त्यांत अक्षरं कमी आहेत.

ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा होती, म्हणून सप्टेंबरअखेर थांबायचं हे आम्हीच पत्रात लिहिलं. परीक्षेच्या तोंडावर उपक्रम बंद करा असं शाळेला सांगावं लागू नये. दुसऱ्या सत्रात करायचं असेल तर डिसेंबरमधलं स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा वजा करायला विसरू नका. तेव्हा शनिवार भराभर खाल्ले जातात. आणि दहावीच्या मुलांना यादीत घेऊ नका. त्यांचे जादा तास शनिवारीच असतात, आणि त्यांच्या पालकांकडून एक तक्रार आली तरी सगळ्यांचं मंडळ अडचणीत येतं.

४. ‘क्लास’ हा शब्द पत्रात नको

माझ्या पहिल्या पत्रातली सगळ्यात मोठी चूक ही होती, आणि ती मला सहा महिन्यांनी संस्कृतच्या बाईंनी समजावली. ‘क्लास’ म्हटलं की शिकवणी, फी, बाहेरचे शिक्षक हे सगळं डोळ्यांपुढे येतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. शाळेच्या खोलीत, शाळेच्या शिक्षकांसमोर ‘क्लास’ भरतो असा कागद फाइलला लागणं कुठल्याही मुख्याध्यापकांना नकोच असणार. ‘मंडळ’ हा शब्द शाळेच्या ओळखीचा आहे. विज्ञान मंडळ असतं, वाङ्मय मंडळ असतं, तसं ‘जपानी भाषा मंडळ’.

याच कारणाने पैशांची ओळ स्पष्ट लिहा: कुणाकडूनही वर्गणी घेणार नाही. तक्त्याच्या झेरॉक्स प्रत्येकाने आपली आपण काढायची असं आम्ही ठरवलं, म्हणजे मधे कुणाच्या हातात पैसे येतच नाहीत. लिहायला गणिताची चौकोनी वही पुरते. एका चौकोनात एक अक्षर बसतं, त्यामुळे अक्षराचं मापही सुधारतं.

बाहेरच्या कुणाला शिकवायला बोलवायचा मोह होतो. माझ्या मैत्रिणीची मामेबहीण जपानी शिकलेली होती आणि आनंदाने यायला तयार होती. तरी पहिल्या पत्रात तिचं नाव घालू नका. शाळेत बाहेरची व्यक्ती मुलांसमोर उभी राहणार म्हटलं की परवानगीचा सगळा रस्ताच बदलतो, आणि ती व्यक्ती खासगी शिकवण्या घेत असेल तर जाहिरातीची शंकाही येते. आम्ही स्वतः शिकायचं ठरवलं. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पुस्तक आणि त्याचे आवाजाचे धडे त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे सोपे जपानी धडे हिंदीतूनही आहेत. चार जणींनी ओळी वाटून घेतल्या. जिची ओळ असेल तिने ती आठवडाभर घरी घोटायची आणि शनिवारी सगळ्यांना द्यायची. मामेबहीण नवव्या बैठकीला आली, तेव्हा तिच्यासाठी वेगळं चार ओळींचं पत्र दिलं होतं.

५. पत्र

परीक्षेत आपण पत्रलेखन करतो, तेव्हा मायना-मजकूर-शेवट बरोबर असला की गुण मिळतात आणि आतला तपशील कल्पनेचा चालतो. इथे तपशील हेच पत्र आहे. एक पान, त्याहून जास्त नको. आमचं पत्र असं होतं, नावं तेवढी काढली आहेत:

> दिनांक: २६ जून २०२३
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> (शाळेचे नाव व गाव)
>
> मार्फत: वर्गशिक्षक, इयत्ता ९ वी ब
>
> विषय: दहा शनिवार जपानी भाषा मंडळ भरवण्यास परवानगी मिळण्याबाबत.
>
> महोदया,
>
> इयत्ता आठवी व नववीच्या आम्ही २४ विद्यार्थ्यांनी शाळेत जपानी भाषा मंडळ सुरू करण्याचे ठरवले आहे. ८ जुलै ते ३० सप्टेंबर या काळातील दहा शनिवारी, सकाळचे सत्र सुटल्यावर १०.५० ते ११.३५ या वेळेत, चित्रकलेच्या खोलीत बसण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. तारखांची यादी सोबत जोडली आहे. सुट्टी व घटक चाचणीचे शनिवार त्यातून वगळले आहेत.
>
> मंडळाच्या वेळेत संस्कृतच्या बाई खोलीत उपस्थित राहतील. त्या नसतील त्या दोन शनिवारी चित्रकलेचे सर थांबतील. दोघांची संमती घेतली आहे.
>
> जपानी अक्षरांचा क्रम आपल्या वर्णमालेवरून घडलेला आहे आणि तिची वाक्यरचना मराठीला जवळची आहे, त्यामुळे ही भाषा आम्हाला स्वतःच्या अभ्यासाने सुरू करता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांत जपानीचा उल्लेख आहे. दहा बैठकांत हिरागाना लिपीची ४६ अक्षरे वाचणे-लिहिणे आणि स्वतःची ओळख करून देणे, एवढे उद्दिष्ट आहे.
>
> कोणतीही वर्गणी घेतली जाणार नाही. शाळेकडून खोली, फळा आणि संगणक कक्षातील एक स्पीकर एवढीच मदत हवी आहे. विद्यार्थी मोबाइल आणणार नाहीत. प्रत्येकाच्या पालकांचे संमतिपत्र पहिल्या बैठकीपूर्वी कार्यालयात जमा करू. सलग दोन शनिवारी उपस्थिती दहापेक्षा कमी झाली तर मंडळ थांबवून आपल्याला तसे कळवू.
>
> या संदर्भात भेटीसाठी पाच मिनिटांची वेळ द्यावी, ही विनंती.
>
> आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
> (सही, नाव, इयत्ता ९ वी ब, हजेरी क्रमांक)
>
> सोबत: १. तारखा व अभ्यासाचा तक्ता २. विद्यार्थ्यांची यादी ३. पालक संमतिपत्राचा नमुना

यातल्या काही ओळींबद्दल थोडं सांगते.

विषयाच्या ओळीत ‘दहा शनिवार’ आहे. आयुष्यभरासाठी काही मागत नाही, एक छोटा, संपणारा प्रयोग मागतो आहे, हे तिथेच कळतं. ‘दर आठवड्याला कायमचं’ असं मागितलं तर नकार देणं सोपं होतं, कारण कायमच्या गोष्टीची जबाबदारी घेणं अवघड असतं.

शैक्षणिक धोरणाची ओळ मी मुद्दाम मध्यात ठेवली. त्या धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या भाषांची नावं खरोखरच आहेत, म्हणून संदर्भ देणं योग्य आहे. पण पत्राची सुरुवातच धोरणाने केली तर शाळेला नियम शिकवतो आहोत असं वाटतं.

थांबवण्याची ओळ घालायला मैत्रिणी तयार नव्हत्या. सुरू व्हायच्या आधीच बंद पडण्याची भाषा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला उलट वाटत होतं. मुलांचा उत्साह ऑगस्टपर्यंत टिकत नाही हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे. ती शंका आपणच कागदावर घेतली की समोरच्याला ती बोलून दाखवावी लागत नाही. बाईंनी पेन्सिलने याच ओळीखाली रेघ मारली होती.

मोबाइलची ओळ स्पीकरला जोडून घ्या. उच्चार ऐकल्याशिवाय भाषा शिकता येत नाही, आणि शाळेत मोबाइल चालत नाही. आमच्या बाईंनी धडे पेन ड्राइव्हवर आणायला सांगितलं आणि संगणक कक्षातून स्पीकर मिळाला.

६. सोबतचे कागद

तारखांचा तक्ता अर्ध्या पानाचा पुरतो: तारीख, ओळ, त्या दिवशीचं एक वाक्य. यादीत नाव, इयत्ता, तुकडी आणि प्रत्येकाची सही. एकाने सगळ्यांची नावं एकाच अक्षरात लिहिलेली यादी देऊ नका, ती खरी वाटत नाही.

पालकांच्या संमतिपत्रात ‘आमची हरकत नाही’ एवढंच नको. ‘माझा पाल्य शनिवारी ११.३५ नंतर घरी कसा जाईल’ ही ओळ ठेवा आणि त्यापुढे चालत, सायकलने, पालकांसोबत असे पर्याय द्या. पत्र देताना नमुना जोडला तरी पुरतो. मंजुरीआधीच सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरलात तर पालकांना वाटेल की ठरलं आहे, आणि शाळेला वाटेल की आपल्याला न विचारता ठरवलं.

७. पत्र द्यायचं कसं

माझं पहिलं पत्र मी बाईंच्या टेबलावर ठेवून आले होते. ते वार्षिक परीक्षेच्या कागदांखाली गेलं असावं.

दुसऱ्या वेळी आधी वर्गशिक्षकांना दाखवलं आणि ‘मार्फत’ च्या पुढे त्यांची सही घेतली. वर्गशिक्षकांना वगळून वर गेलात तर पत्र परत त्यांच्याकडेच येतं, आणि तेव्हा ते दुखावलेले असतात. मग दोन प्रती घेऊन कार्यालयात गेले. लिपिक एक प्रत ठेवून घेतात, आवक नोंदवहीत तिची नोंद करतात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक टाकून देतात. ती तुमची पोच. विद्यार्थ्याने पोच मागणं उद्धटपणा आहे की काय अशी मला भीती वाटत होती, पण “काका, आमच्या प्रतीवर शिक्का मिळेल का?” असं विचारल्यावर त्यांनी लगेच दिला. आठ दिवसांनी विचारायला जाल तेव्हा क्रमांक सांगता येतो आणि कागद दोन मिनिटांत सापडतो.

देण्यासाठी सोमवार किंवा मंगळवार बरा. पगारबिलांच्या वेळी घाई असते आणि शाळा सुरू झाल्यावर पहिले दहा दिवस प्रवेशांची. त्या दिवसांत कार्यालयात जाऊ नका.

८. भेट

दोघीच गेलो, घोळका नेला नाही. बाईंनी तीन प्रश्न विचारले आणि माझ्या माहितीत इतर शाळांतल्या मुलांनाही साधारण हेच विचारले गेले.

“आधी इंग्रजी सुधारा, जपानी कशाला?” यावर वाद घालू नका. मी म्हटलं, “बाई, हे इंग्रजीच्या ऐवजी नाही. इंग्रजीचा एकही तास जाणार नाही, शाळा सुटल्यावरची पाऊण तासाची वेळ आहे.” आणि मग वर्णमालेचा तक्ता पुढे केला, डावीकडे देवनागरी, उजवीकडे हिरागाना. पुढची दोन मिनिटं बाई तोच बघत होत्या.

“तुम्हालाच येत नाही, तुम्ही शिकवणार कसं?” हा प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून मी पहिली ओळ फळ्यावर लिहून दाखवली, पाचही अक्षरं, रेघांच्या बरोबर क्रमाने. ज्या दिवशी भेटायला जाल त्या दिवशी निदान पहिली ओळ पक्की येत असू द्या.

“कुणाला लागलं, पडलं तर?” इथे फक्त शिक्षकांची नावं सांगायची आणि पहिल्या दिवसापासून हजेरी घेणार हे सांगायचं. हजेरीसाठी वेगळी वही ठेवा आणि प्रत्येक बैठकीनंतर शिक्षकांची सही घ्या.

बाईंनी एक बदल सुचवला: ११.३५ ऐवजी ११.३० ला संपवा, म्हणजे दुपारच्या मुलांची आणि तुमची जिन्यात गर्दी होणार नाही. असा बदल आला तर तिथेच मान्य करा आणि पत्राच्या दोन्ही प्रतींवर वेळ दुरुस्त करून सही मागा. तोंडी बदल महिनाभरात विसरले जातात आणि मग शिपाईमामा जुन्या वेळेचा कागद दाखवतात.

‘बघू’ असं उत्तर आलं तर “कधी येऊन विचारू?” एवढंच विचारा आणि सांगितलेल्या दिवशी जा. नकार आला तर कारण विचारा. खोलीचं कारण असेल तर मधल्या सुट्टीत वाचनालयाचा कोपरा मागता येतो. शिक्षकांचं कारण असेल तर आधी शिक्षक बदला आणि मगच नवीन पत्र द्या.

९. दहावा शनिवार आणि पुढचं पत्र

शेवटच्या बैठकीला प्रत्येकाने जपानीत आपल्या नावाची पाटी करायची असं ठरलं होतं, आणि इथे आमची एक चूक उघडी पडली. परकी नावं हिरागानात लिहीत नाहीत, त्यासाठी कातकाना ही वेगळी अक्षरमाला आहे. ती आम्ही शिकलोच नव्हतो. मग तक्त्यात बघून केलं. जपानीत ‘ल’ नाही आणि जोडाक्षरं सुटी होतात, त्यामुळे स्नेहलची ‘सुनेहारु’ झाली. तुम्ही पाटीचा बेत करत असाल तर कातकानाचा तक्ता दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासूनच भिंतीवर लावा.

३० सप्टेंबरला २४ पैकी १७ जण होते. दोन ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर मी बाईंना एका पानाचा अहवाल दिला: प्रत्येक शनिवारची उपस्थिती, कोणत्या ओळी झाल्या, ४६ अक्षरांच्या तोंडी चाचणीत किती जणांना किती आली आणि कातकाना राहिलं ही गोष्टही. त्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या सत्राचं पत्र होतं. त्यात विषयाच्या ओळीत ‘दहा शनिवार’ च्या जागी ‘आठ शनिवार’ लिहिलं होतं, कारण दिवाळीनंतरचे शनिवार मोजले तेव्हा तेवढेच उरले होते.